गाळलेल्या जागा कृतीवर ठेवा, बदलावर नको

> प्रयोगाचा अहवाल ‘करण्यात आले’ अशा भाषेत हवा आहे, वर्गात गाळलेल्या जागा भरायला. नमुना मिळेल का?

सर, पानातल्या स्टार्चचा प्रयोग घ्या. इथे सोलापुरात जास्वंदीची कुंडी शाळेतच सापडते. मी हा उतारा देतो:

‘जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवण्यात आली. एका पानाचा मधला भाग काळ्या कागदाने दोन्ही बाजूंनी झाकण्यात आला. कुंडी चार तास उन्हात ______ (ठेवणे). पान तोडून पाण्यात ______ (उकळणे). मग ते परीक्षानळीत स्पिरिटमध्ये बुडवून नळी गरम पाण्यात ______ (ठेवणे). स्पिरिट हिरवे झाले, पान फिकट पडले. पान धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब ______ (टाकणे). उघडा भाग निळा-काळा झाला, झाकलेला तपकिरी राहिला.’

जागा फक्त आपण केलेल्या कृतीवर गाळल्या आहेत. ‘हिरवे झाले’ हे आपोआप घडलेले आहे. तिथे जागा गाळली तर मुले ‘हिरवे होण्यात आले’ लिहितात, आणि कृती व निरीक्षण यांतला फरकच पुसला जातो. शेवटचा शब्द वस्तूच्या लिंग-वचनावर जातो: कुंडी ‘आली’, भाग ‘आला’, पान ‘आले’. पण ‘पानाला’ लिहिले की हा मेळ तुटतो, म्हणून उताऱ्यात ‘-ला’ टाळा.

प्रयोग खरोखर करणार असाल तर स्पिरिट ओतण्याआधी बर्नर विझवा, त्याची वाफ पटकन पेटते. झाकलेला भागही निळा-काळा झाला, तर कुंडी अंधारात कमी वेळ राहिली किंवा कागदाखाली उजेड गेला असे समजा.