मदत हवी आहे: ५,००० लिटरच्या टाकीत २१,४०० लिटर पाणी कसं?

धागाकर्ती: औशाची बाई
लातूर जिल्ह्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीतली एक मुलगी शाळेच्या पत्र्यांवरच्या पावसाचा हिशोब कॅल्कमध्ये मांडतेय. पत्रे ९६ चौरस मीटर, टाकी ५,००० लिटर, पिण्याला रोज ३०० लिटर. महसूल मंडळाचा मागच्या वर्षीचा रोजचा पाऊस तिनं एकेक आकडा बघून भरला. सगळ्या शाळेला कॉम्प्युटर एकच, तिची पाळी मंगळवार-शुक्रवार, चाळीस मिनिटं.

आता सप्टेंबरअखेर टाकीत २१,४०० लिटर दिसतंय. सातवीच्या पोरांनी फाईल बिघडवली म्हणून ती रडली. कालपासून त्यांच्याशी बोलत नाही. C3 मधलं सूत्र असं, बाकी खाली ओढलंय:

```
=MIN(MAX(0,C2+B3*96*0.85-300),F1)
```

B मध्ये रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, C मध्ये टाकीतलं पाणी. ०.८५ म्हणजे पत्र्यांवर पडलेल्या पावसातला टाकीत पोचणारा वाटा. टाकीचं माप F1 मध्ये आहे.

पन्हळ: ०.८५ जास्त धरलंय. जुने पत्रे, गळकी पन्हळ, ०.७ धरा.

बीडकर: आमच्याकडं छताचं पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलं. बोअरला दोन महिने जास्त पाणी टिकलं. टाकी कशाला बांधता?

औशाची बाई: दादा, बोअरच नाही आमच्याकडं.

रकाना: ०.७ धरल्यानं आकडा कमी होईल, पण टाकी मापाबाहेर का भरते ते कळणार नाही. बाई, C4 वर क्लिक करा. शेवटी F2 दिसेल.

औशाची बाई: हो, F2 च आहे! तो रकाना तर रिकामा आहे.

रकाना: तिथंच घोळ आहे. सूत्र खाली ओढलं की F1 पण खाली सरकतो. रिकामा रकाना MIN शून्य धरत नाही, सोडूनच देतो. म्हणजे C4 पासून टाकीला काठच उरला नाही. एररही येत नाही. C3 मध्ये F1 च्या जागी $F$1 लिहा आणि परत ओढा. पोरांनी काही केलेलं नाही.

औशाची बाई (शुक्रवार): जमलं. आता ५,००० च्या वर आकडा जात नाही. पण जुलैतल्या खंडात टाकी रिकामी पडतेय. भरलेल्या टाकीत सतराव्या दिवशी सकाळी २०० लिटरच उरतं. आधी तिनं महिन्याच्या बेरजेवर हिशोब केला होता, त्यात जुलै आरामात निघत होता. दुपारच्या सुट्टीत ती स्वतः सातवीच्या वर्गात गेली आणि चूक माझीच होती म्हणाली.

तिचा पुढचा प्रश्न: १०,००० ची टाकी घेतली तर?

रकाना: भरली तर ३३ दिवस जाईल. पण ती भरायला, वापर सोडून, १२० मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. खंडाआधी तेवढा पडला होता का, ते तिच्याच फाईलमध्ये दिसेल. F1 बदलून बघू द्या.

पन्हळ: पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून देता ना? तेही वजा करा.

औशाची बाई: ते धरलेलंच नाही. किती मिलिमीटर सोडायचं? मंगळवारी तिची पाळी आहे, त्याआधी कुणी स्वतःच्या पत्र्यांवरचा अनुभव सांगेल का?