मोजमाप पुस्तिका मागा

> 'रस्ता सहा महिन्यांत का उखडला?' असा माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर: 'माहिती उपलब्ध नाही.' आता बातमी पुढे कशी न्यायची?

या कायद्यात नोंदी मिळतात, 'का'चं उत्तर सहसा नाही. त्या रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि अंतिम देयक मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मी तर आधी फाइलची पाहणीच मागतो. नेमकी कुठली पानं हवीत ते तिथे कळतं.

पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी आणि मोजणीची तारीख असते. जाडी उखडलेल्या कडेला पट्टी लावून ताडून पाहा. तारीख भर पावसाळ्यातली निघाली, तर अभियंत्याला विचारायचा पहिला प्रश्न तोच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करा.