पॅनिक अटॅक की हार्टचा त्रास? अनुभव सांगा

सायली_पुणे: मध्यंतरी रात्री जेवण झाल्यावर एकदम धडधड सुरू झाली, छाती आवळल्यासारखी, श्वास पुरेना, ओठाभोवती मुंग्या आणि मग दोन्ही हातांची बोटं आपोआप आखडून जवळ आली, सरळच होईनात. नवरा घाबरून हॉस्पिटलात घेऊन गेला. ईसीजी नॉर्मल, रक्त तपासलं तेही नॉर्मल, म्हणे पॅनिक आहे, घरी जा. पण बोटं वाकडी होणं हे मनाचं कसं काय? कुणाला असं झालंय का, आणि घरी कसं ओळखायचं?

रानवारा: अगदी सेम. दादरला लोकलमध्ये चढले आणि सुरू. शेजारच्या काकू बिचाऱ्या पाठीवर हात फिरवत "मोठ्ठे श्वास घे गं" म्हणत होत्या, मी घेत गेले आणि चक्कर वाढतच गेली. ठाणे येईस्तोवर आपोआप ओसरलं.

कॅज्युअल्टीवाला: काकूंचा हेतू चांगला पण सल्ला उलटा. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास जोरात सुरू होतो, आणि त्यात ऑक्सिजन कमी पडत नाही, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर बहुतेक वेळा ९८-९९ दिसतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, तो गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं, मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसतं, नसा चिडतात म्हणून मुंग्या आणि बोटं आखडणं. मेंदूकडच्या रक्तवाहिन्याही आकसतात म्हणून चक्कर. म्हणजे सायलीताई, बोटं खरीच वाकडी झाली, मनाचे खेळ नव्हेत. आणि मजा म्हणजे माणसाला वाटतं हवा पुरत नाही, म्हणून तो अजून जोरात ओढतो.

योगसाधक_७१: म्हणून तर मी सांगतो रोज कपालभाती करा, श्वासाचे सगळे विकार जातात.

कॅज्युअल्टीवाला: काका, रोज सकाळी करत असाल तर करा, पण अटॅक चालू असताना नको, फटाफट उच्छ्वास म्हणजे तेच पुन्हा. तेव्हा श्वास मोठा नको, छोटा आणि सावकाश हवा. नाकाने साधारण ४ सेकंद हलकेच आत, ६ सेकंद बाहेर, मिनिटाला सहाएक श्वास. उच्छ्वास लांबला की नाडी थोडी खाली येते, आणि काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइड भरून येतो तशा मुंग्या जातात. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका, हार्टचाच किंवा दम्याचा त्रास निघाला तर ऑक्सिजन घटायचा.

गोडबोले_नाशिक: सोपी टेस्ट आहे की मग. पाच-दहा मिनिटं असा श्वास घ्या, थांबलं तर पॅनिक, नाही थांबलं तर हार्ट. आणि एका बोटाने दुखरी जागा दाखवता आली तर हार्ट नसतंच.

मीनल_ताई: गोडबोले दादा, नका हो असं लिहू. माझ्या आईला शुगर आहे, छातीत काहीच दुखलं नाही, नुसता दरदरून घाम, मळमळ आणि पाठीत जड. आम्ही अ‍ॅसिडिटी म्हणून सोडा देत होतो, ती पडून राहिली तर मधे बरंही वाटलं तिला. पहिला ईसीजी नॉर्मल आला होता! काही तासांनी हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी परत केली तेव्हा ते वाढलेलं निघालं, मग अँजिओप्लास्टी.

कॅज्युअल्टीवाला: मीनलताई, बरोबर. हार्टचं दुखणंही कधी कधी आराम केल्यावर थांबतं, त्यामुळे थांबलं म्हणजे पॅनिक हे चालत नाही. बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी जागा बहुधा स्नायूची असते, पण "नसतंच" म्हणू नका. पॅनिक सहसा दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरू लागतं. चालताना, जिना चढताना येणारं दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारं, थंड घाम, किंवा पहिल्यांदाच आलेला अटॅक आणि वय चाळीसच्या पुढे, यात श्वास मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. श्वास हा उपाय आहे, तपासणी नाही.

अनामिक_औरंगाबाद: माझं वेगळंच. स्विच दाबल्यासारखी धडधड सुरू आणि तशीच खटकन बंद, नाडी १८० च्या वर. सगळे "टेन्शन घेऊ नकोस" म्हणायचे. शेवटी चालू असतानाच ईसीजी निघाला तर एसव्हीटी निघाली, हृदयातल्या वायरिंगचा घोळ. मग अ‍ॅब्लेशन झालं, म्हणजे नळी घालून ती बिघडलेली वाट बंद केली. तेव्हा नॉर्मल ईसीजी म्हणजे त्या क्षणाचा नॉर्मल.

सायली_पुणे: बापरे. माझी धडधड हळूहळू वाढली होती, आता थायरॉइडपण तपासायला सांगितलंय. एक विचारायचं राहिलं, परवा गाढ झोपेतून असंच दचकून जाग आली, भीतीचं काही कारणच नव्हतं. झोपेतही पॅनिक येतं का?

रानवारा: मला येतं, पहाटे तीनच्या सुमारास. माझ्या डॉक्टरांनी घोरण्याचीही चौकशी केली, झोपेत श्वास अडकत असेल तर असंच होतं म्हणाले. स्लीप स्टडी अजून व्हायचीये, रिपोर्ट आला की लिहीन.