फुल्यांची 'गति' इंग्रजी प्रबंधात कशी लिहायची?

शोधार्थी: प्रबंध इंग्रजीत लिहिते आहे. 'शेतकऱ्याचा असूड' (1883) मधल्या या ओळी माझ्या पहिल्याच प्रकरणात येतात:

विद्येविना मति गेली; मतिविना नीति गेली;
नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

'गति'साठी मी 'प्रोग्रेस' लिहिलं. मार्गदर्शक बाईंचं म्हणणं, प्रोग्रेस म्हणजे प्रगती, गती नव्हे. शिवाय रोमन लिपीत मी `gatī` लिहिलं होतं, त्यांनी `gati` केलं. आपण तर शाळेपासून 'गती' दीर्घच लिहितो! कोणाचं खरं?

नागपूरकर: गती म्हणजे वेग. विज्ञानाच्या पुस्तकात काय शिकलो आपण? 'स्पीड' लिहा आणि मोकळ्या व्हा.

जुना ग्रंथपाल: वेगाचा अर्थ इथे बसत नाही हो. 'गत्यंतर नाही', 'अगतिक', 'सद्गती' हे शब्द आठवून बघा. गती म्हणजे पुढे जाण्याची वाट, हालचालीची ताकद. नीती गेली की माणूस अगतिक होतो आणि मग पैसा जातो, अशी ती साखळी आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल, तर तत्सम शब्दांचा शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम 1962 चा. फुल्यांच्या काळी 'मति, गति' असंच लिहीत. लिप्यंतर तुमच्या हातातल्या प्रतीचं करायचं. तिथे ऱ्हस्व छापलं असेल तर बाई बरोबर, दीर्घ असेल तर तुम्ही. आवृत्ती मात्र सांगायलाच हवी. कीर-मालशे यांनी संपादित केलेलं 'समग्र वाङ्मय' 1969 चं आहे, त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. 1883 सोबत वापरलेल्या आवृत्तीचं वर्षही द्या, नाहीतर तुमचा पृष्ठ क्रमांक कुणाला सापडणार नाही.

शुद्धलेखनप्रेमी: माझा विरोध आहे. प्रबंध आज लिहिला जातोय, तर आजचेच नियम लावा. एका पानावर `gati`, दुसऱ्यावर `gatī` दिसलं तर परीक्षक ती चूक धरतील.

जुना ग्रंथपाल: म्हणून तर सुरुवातीला लिप्यंतराची टीप लिहायची: कुठली पद्धत वापरली, आणि उद्धरणात छापील रूप जसंच्या तसं ठेवलं आहे. चार ओळी पुरतात. आपल्या वाक्यात आजचं रूप वापरा, उद्धरणातलं बदलू नका. शीर्षकाची गोष्ट वेगळी. काही पद्धतींत अक्षरातला 'अ' राखतात, काहींत उच्चाराप्रमाणे गाळतात:

```
Śetakaryācā Asūḍa
Śetkaryācā Asūḍ
```

ग्रंथालयांच्या सूचीत बहुधा वरचं रूप असतं. संदर्भसूचीत तेच द्या म्हणजे वाचकाला पुस्तक शोधता येईल.

ओवीवाली: माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचंही असंच झालंय. ती 'पानी' म्हणते, माझ्या टंकलेखकाने 'पाणी' केलं. रोमनमध्ये n लिहू की ṇ?

शोधार्थी: ताई, ओवी तर तोंडी आहे, माझ्याकडे छापील प्रत आहे.

जुना ग्रंथपाल: तरी उत्तर तेच. आजी म्हणते तसं लिहा. ध्वनिमुद्रण हीच तुमची प्रत.

सातारकर: मला 'अविद्या' जास्त अडचणीची वाटते. 'इग्नोरन्स' लिहिलं की वेदान्तातली अविद्या डोक्यात येते. पण 1882 मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी इंग्रजीत निवेदन दिलं, ते शाळांबद्दल, खालच्या वर्गांच्या शिक्षणाबद्दल होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी हा ग्रंथ आला. म्हणून पहिल्या ओळीत 'एज्युकेशन' आणि शेवटच्या ओळीत 'वॉन्ट ऑफ एज्युकेशन' असं घ्यावं. विद्येपासून निघून अविद्येवर येणारं ते वर्तुळ इंग्रजीत तुटलं, तर फुल्यांचा मुद्दाच निसटतो.

शोधार्थी: हे पटलं. मति-नीति-गति हे यमक मात्र इंग्रजीत येतच नाही.

जुना ग्रंथपाल: नाहीच येणार. मूळ ओळी रोमनमध्ये तळटीपेत द्या, म्हणजे नाद दिसेल. 'भाषांतर माझे' हे एकदाच, पहिल्या उद्धरणाला जोडून लिहा आणि यापुढची सगळी तुमचीच असं नमूद करा. ज्या उद्धरणासाठी दुसऱ्याचं भाषांतर घ्याल, तिथे त्याचं नाव द्या. त्यात एक शब्द जरी बदललात तरी 'सुधारून' असं लिहाच. त्यांचं वाक्य तुमच्या नावावर किंवा तुमची दुरुस्ती त्यांच्या माथी, दोन्ही वाईट.

नागपूरकर: मग 'गति'चं काय ठरलं? 'मूव्हमेंट'?

सातारकर: 'मूव्हमेंट' म्हटलं की चळवळ वाटते. 'व्हिगर' कसं वाटतं?

शुद्धलेखनप्रेमी: ते राहू द्या. शीर्षकात 'असूड' की 'आसूड'? दोन्ही दिसतात.

काळी माती: आमच्याकडे 'आसूड'च म्हणतात. वडील बैलांपुढे तो नुसता हवेत कडाडवायचे, अंगाला लावायचे नाहीत. इंग्रजीत 'व्हिपकॉर्ड' केलंय, पण ती तर चाबकाची दोरी झाली. आसूड म्हणजे दांड्यासकट.

शुद्धलेखनप्रेमी: मग 'अश्व'वरून आला असेल?

काळी माती: बैलांसाठी असतो म्हणून सांगतोय, दादा.