‘नाहीतर आमचे चिरंजीव!’ : अभिनंदनात आपलं मूल कुठून शिरतं?

केवडा
दहावीचा निकाल लागला. मैत्रिणीच्या मुलीला ९६.४० टक्के आहेत. माझा मुलगा अद्वैत तिच्याच वर्गात, त्याला ७१. मैत्रिणीसाठी खालचा मजकूर लिहिलाय, पण अजून पाठवलेला नाही (नावं बदलली आहेत):

“अगं मेघना, खूप खूप अभिनंदन! सईने अगदी बाजी मारली. हुशारच आहे ती पहिल्यापासून. तुमचं बरं आहे बाई, मागे लागावं लागत नाही. नाहीतर आमचे चिरंजीव! असो. पेढे कधी?”

मुलाचे मार्क मी कुठेच लिहिलेले नाहीत, तरी तो यात घुसलाय असं वाटतंय. नेमके कोणते शब्द काढू?

तात्या_देवरुख
काही काढू नका. ‘आमचं कार्टं’, ‘आमचे चिरंजीव’ ही आपली बोलायची रीतच आहे. समोरच्याचं मोठं म्हणायचं नि आपलं लहान, याला विनय म्हणतात, तुलना नव्हे. दुरुस्ती करायचीच तर ‘अभिनंदन’ काढा. तो मोठ्यांच्या सत्काराचा शब्द. पोरांना ‘शाब्बास’ म्हणतात.

जुनी वही
तात्या, विनयाचं अर्धं बरोबर आहे. आपल्या घराला, आपल्या स्वयंपाकाला कमी लेखणं ही रीत खरीच. पण घराला कान नसतात, चिरंजीवांना असतात, आणि हा मजकूर उद्या दोन्ही घरांत वाचला जाणार आहे.

‘शाब्बास’ सईला तोंडावर म्हणावं. थोरानं लहानाला द्यायची ती पाठीवरची थाप आहे. मेघनाला ‘शाब्बास’ लिहिलं तर केवडाताई तिच्या बाई झाल्यासारख्या वाटतील. मैत्रिणीशी बोलताना ‘सईचं अभिनंदन’ हेच ठीक.

आता मूळ प्रश्न. खरा घोळ ‘नाहीतर’मध्ये आहे. ‘नाहीतर’ म्हणजे ‘हे नसेल तर ते’. मागच्या वाक्यात जे चांगलं सांगितलं त्याची उलटी बाजू पुढे येणार, हे तो शब्दच सांगून ठेवतो. म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तरी ऐकणारा ते मनात पुरं करतो. आकडा न लिहिताही मुलगा आत आला तो इथून. ‘चिरंजीव’ काढून ‘नाहीतर आमच्याकडे…’ एवढंच ठेवलंत तरी काम तेच होईल.

आणि मेघनाने याला काय उत्तर द्यायचं? “अगं, ७१ काही कमी नाहीत, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो” वगैरे. म्हणजे जिच्या घरी आनंद झालाय तिनेच तुमची समजूत काढत बसायची. आपण लिहिलेल्याचं समोरून काय उत्तर येईल ते आधी म्हणून बघावं. ‘थँक्यू गं’ म्हणून ती थांबू शकत असेल तर अभिनंदन नीट झालं. तिला तुमच्या मुलाबद्दल काही बोलणं भाग पडत असेल, तर कुठेतरी फट राहिली आहे.

पोळ्याचा_बैल
‘बाजी मारली’त काय वाईट? आमच्या नागपूरकडे ‘पोट्टीनं कमाल केली नं बाप्पा’ म्हणतात. तेही चालत नाही का?

जुनी वही
‘कमाल केली’ उत्तम. त्यात सई एकटी आहे. ‘बाजी’ हा खेळातला शब्द, फारसीतून आलेला. बाजी एकाने मारली की कोणीतरी हरलेला असतो. स्पर्धा परीक्षेत, शर्यतीत तो शोभतो. एकाच वर्गातल्या दोघांपैकी एकीबद्दल दुसऱ्याची आई तो वापरते, तेव्हा हरलेला कोण हे शोधायला लांब जावं लागत नाही. ‘मागे टाकलं’, ‘सरशी झाली’ यांचंही तेच. ‘घवघवीत यश’ मात्र निर्धोक आहे, वर्तमानपत्री वाटतं एवढंच.

पाटी-पेन्सिल
निकालाच्या दिवशी शाळेच्या खिडकीत बसणाऱ्याकडून थोडी भर. लोक ‘किती पडले?’ विचारतात आणि ‘९६ पडले’ सांगतात. स्वतःच्या घरी खुशाल म्हणा. पण अभिनंदनात “सईला ९६ टक्के पडले” आणि “सईने ९६ टक्के मिळवले” यांत फरक आहे. पहिल्यात मार्क वरून येऊन पडतात, सई नुसती उभी. दुसऱ्यात काम तिने केलंय. आपल्या मनात थोडं खुपत असलं की तोंडातून ‘पडले’ निघतं, असं माझं निरीक्षण आहे.

‘हुशारच आहे ती पहिल्यापासून’ हाही त्यातलाच प्रकार. त्या ‘च’ने वर्षभराचा अभ्यास पुसून टाकला. उपजत हुशार आहे म्हटलं की मार्क मिळणारच होते. शिवाय ‘आमचा तसा नाही’ हे न बोलता येतंच. ‘तुमचं बरं आहे बाई’ काढाच. ‘बरं आहे’मध्ये हेवा उघड दिसतो, आणि ‘मागे लागावं लागत नाही’ हे तुम्हाला काय ठाऊक?

आकड्याबद्दल एक. राज्य मंडळाचे ९६.४० म्हणजे बहुधा सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे, ५००पैकी ४८२. त्यात कधी चित्रकलेचे किंवा खेळाचे वाढीव गुणही धरलेले असतात. हे सगळं खरं असलं तरी अभिनंदनात त्याची चौकशी नको. “बेस्ट ऑफ फाइव्हचे ना?” हा प्रश्न माहितीचा वाटतो, पण त्याने आकडा खाली येतो. “उरलेले ३.६ कुठे गेले?” हा विनोद मुलं खिडकीपर्यंत येतायेताच चारदा ऐकतात. आणि “आमच्या वेळी एवढ्यात बोर्डात यायचे” म्हटलं की आपलं मूल टळतं, पण आपण स्वतः तुलनेला उभे राहतो.

निळी_शाई
माझंही इथेच विचारते. पुतण्याला सीईटीत ९८ पर्सेंटाइल आहेत. जाऊबाईंना “९८ टक्क्यांबद्दल अभिनंदन” लिहू ना?

पाटी-पेन्सिल
नको, ते टक्के नव्हेत. ९८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ९८ टक्के मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. ९८ टक्के गुण मिळाले असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणजे हा आकडा मुळातच तुलनेचा. “सीईटीचा निकाल छान लागला, त्याचं अभिनंदन” लिहा. आकडा जाऊबाई सांगतीलच.

तात्या_देवरुख
शाब्बासचं मान्य. पण मग आपल्या मुलाचं नावच काढायचं नाही? मेघनाबाई विचारतीलच, “आणि तुझ्या अद्वैतचं काय?” तेव्हा गप्प बसणं जास्त वाईट दिसेल.

जुनी वही
हे बरोबर पकडलंत. तिने विचारलं की उत्तर द्यायचंच. टाळलं तर ती अवघडते. एका वाक्यात, आकडा आणि पुढचं पाऊल एवढंच सांगायचं: “त्याला ७१ मिळाले, डिप्लोमाचा फॉर्म भरतोय.” ‘फक्त ७१’ नको, ‘७१च’ नको, ‘कसेबसे’ नको. आकडा कोरा ठेवला की तिला समजूत काढायला जागा राहत नाही. पुढच्याच वाक्यात परत सईकडे यायचं: “सई काय करतेय आत्ता? झोपलीय की मैत्रिणींत?”

उलट परिस्थितीतही शब्दच दगा देतात. समजा अद्वैतला ९८ असते आणि तुम्ही लिहिलंत, “तुझ्या सईलाही छान मार्क मिळाले”. वाक्य गोड आहे, पण त्या ‘ही’ने अद्वैत आधी उभा केला आणि सई त्याच्यामागे. ‘निदान’, ‘तरी’, ‘मात्र’ यांच्यावरही नजर ठेवा. “निदान सईने तरी नाव काढलं” यात अख्ख्या वर्गाचा निकाल लागतो.

केवडा
मग असं करते:

“मेघना, सईचा निकाल कळला. ९६.४०! तिचं मनापासून अभिनंदन. वर्षभर पहाटे तिच्या खोलीत दिवा असायचा, त्याचं चीज झालं. संध्याकाळी फोन करते, तिच्याशीच बोलायचंय. पेढे घ्यायला येतेच.”

आमच्या गॅलरीतून तो दिवा खरंच दिसतो. ‘तुझ्या कष्टाचं चीज’ लिहिणार होते, पण थांबले.

जुनी वही
आता नीट झालं. दिव्याचं वाक्य ठेवाच. ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून दुसऱ्या कोणाच्या संदेशात येणार नाही. असं काही पाहिलेलं नसेल तर रचू नये, ‘मेहनतीचं चीज झालं’ एवढं साधं पुरतं. ‘तुझ्या कष्टाचं’ टाळलंत तेही योग्य. गुणपत्रिकेवर नाव सईचं आहे.

निळी_शाई
इथे माझं पटत नाही. आयांनी वर्षभर डबे, क्लासच्या फेऱ्या, रात्रीचा चहा केलेला असतो. मैत्रीण आईची आहे, मुलीची नाही. आईला एक शब्दही नको? मी तर “तुझंही अभिनंदन” लिहिते.

पाटी-पेन्सिल
‘तुझंही’ चालेल, फक्त सईनंतर. पण केवडाताईंनी आईच्या कष्टांवर जोर दिला, तर “मग तू कुठे कमी पडलीस?” हा प्रश्न त्यांच्या स्वतःकडेच वळतो. मुलांची तुलना टाळताना आयांची सुरू होते.

निळी_शाई
ते वाचणाऱ्याच्या मनावर आहे. मी लिहिणार.

पोळ्याचा_बैल
आणि ‘नाव काढलं’? ‘पांग फेडले’?

जुनी वही
‘पांग फेडले’ दहावीच्या पोरीला फार जड. आईबापांच्या ऋणातून मोकळी झाली म्हणायचं तिचं वय नाही. ‘नाव काढलं’बद्दल माझंच नक्की नाही. घरातले आजोबा म्हणाले तर छान वाटतं. बाहेरचा म्हणाला की एकाने नाव काढलं तर दुसऱ्याने काय केलं, असं मनात येतं. ‘तरी’ न जोडता म्हटलं तर कदाचित चालेल. इतरांचं मत वाचायला आवडेल.

तात्या_देवरुख
आमच्याकडे बाहेरचेही सर्रास म्हणतात, आणि कुणाला लागत नाही.

केवडा
पाठवला. वर्गाच्या पालकांचा ग्रुप राहिला. तिथेही हाच टाकू का?

पाटी-पेन्सिल
तिथे नको. त्या ग्रुपवर ३५वर पास झालेल्याचे आईवडीलही आहेत, आणि एटीकेटी घेऊन अकरावीला जाणाऱ्याचेही. आकडा आणि दिवा खाजगीतच ठेवा. ग्रुपवर “सईचं अभिनंदन” एवढे दोन शब्द. दुसऱ्या कोणाचा निकाल कोणी टाकला तर त्याच्याखालीही तेवढेच दोन, कमी-जास्त नाही. एकीला चार ओळी आणि दुसऱ्याला अंगठा दिलात, तर ते लोक बरोबर मोजतात.