मदत हवी आहे: बॉक्समधल्या कणाची सगळीच डायपोल इंटिग्रल शून्य येताहेत

अडकलेला_फोटॉन

एम.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. सोमवारी असाइनमेंट द्यायची आहे आणि दोन दिवस एकाच ओळीवर डोकं आपटतोय.

प्रश्न असा आहे. अनंत उंच भिंतींचा बॉक्स, रुंदी L, आत एक इलेक्ट्रॉन n=1 मध्ये. प्रकाश टाकला तर तो n=2, 3, 4 पैकी कुठे जाऊ शकेल ते आधी पॅरिटीवरून सांगा आणि मग इंटिग्रल काढून पडताळा.

सर म्हणाले, पॅरिटी वापरायची तर बॉक्स मध्याभोवती घ्या, -L/2 ते L/2. घेतला. वेव्ह फंक्शन तर पाठच आहेत, sin(nπx/L). x च्या जागी -x घातलं की साइनचं चिन्ह उलटतं, म्हणजे सगळीच विषम. विषम गुणिले x गुणिले विषम म्हणजे विषम, आणि सममित हद्दींत त्याचं इंटिग्रल शून्य. म्हणजे इलेक्ट्रॉन कुठेच जात नाही! हे काही पटेना म्हणून कोड लिहिला:

```python
import numpy as np
L = 1.0
x = np.linspace(-L/2, L/2, 2001)
psi = lambda n: np.sqrt(2/L)*np.sin(n*np.pi*x/L)
for n in (1, 2, 3, 4):
    print(n, np.trapezoid(psi(n)**2, x),
             np.trapezoid(psi(1)*x*psi(n), x))
```

नॉर्मलायझेशन चोख 1 येतंय, पण डायपोलचा रकाना अख्खा 1e-17 वगैरे, म्हणजे शून्यच.

गंमत म्हणजे बॉक्स 0 ते L घेऊन हाताने सोडवलं तर 1→2 ला -0.18 L येतं आणि 1→3 ला शून्य. पण 0 ते L मध्ये पॅरिटी नाहीच ना? मग तिथे शून्य कुणी आणलं?

वाटसरू_७७

इव्हन पॅरिटी म्हणजे एकांची संख्या सम झाली पाहिजे. दोन्ही टोकांना सेटिंग सारखं आहे का बघ. आमच्याकडे मशिनची सीरियल केबल होती, एका बाजूला इव्हन आणि दुसऱ्या बाजूला ऑड, दिवसभर कचरा अक्षरं येत होती.

अडकलेला_फोटॉन

दादा, ती वेगळी पॅरिटी. इथे आरशातलं प्रतिबिंब बघायचंय.

बारामतीकर

सोपं आहे रे. बॉक्स मध्यावर घेतला की साइन नाही, कोसाइन येतात. कोडमध्ये `np.sin` च्या जागी `np.cos` टाक.

अडकलेला_फोटॉन

टाकलं. परत सगळी शून्य. आता सगळीच सम झाली ना, सम गुणिले x गुणिले सम, पुन्हा विषमच.

वर्णपट_ताई

बारामतीकर अर्धे बरोबर आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुझं घोडं अडलंय.

आधी साधी गोष्ट कर. तुझ्या फंक्शनची किंमत भिंतीवर काढ. x = L/2 ला sin(πx/L) किती? 1. भिंतीवर शून्य हवं, तिथे तुझं फंक्शन सर्वात मोठं आहे. बॉक्स तू उचलून डावीकडे सरकवलास, फंक्शन मात्र जुन्याच जागी राहिलं. ते सरकवायचं तर x च्या जागी x + L/2 घालायला हवं, म्हणजे sin(nπx/L + nπ/2). आता n=1 ला हे cos(πx/L) होतं, n=2 ला -sin(2πx/L), n=3 ला -cos(3πx/L), n=4 ला sin(4πx/L). कोसाइन आणि साइन आळीपाळीने येतात. सगळीकडे कोसाइन टाकलंस तर n=2 आणि n=4 भिंतीवर बोंबलतात, सगळीकडे साइन टाकलंस तर n=1 आणि n=3.

(n सम असला की फंक्शन विषम, आणि n विषम असला की फंक्शन सम. दरवर्षी निम्मा वर्ग इथे पडतो, कारण क्रमांक 1 पासून सुरू होतो.)

नॉर्मलायझेशन 1 आलं म्हणून तू निर्धास्त राहिलास, पण ती तपासणी इथे आंधळी आहे. साइनच्या वर्गाची सरासरी अर्धी, मग तो तुकडा कुठूनही कापलेला असो, फक्त अर्ध्या लहरींची संख्या पूर्ण हवी. चूक उघडी पडते ती ऑर्थोगोनॅलिटीत. तुझ्याच कोडमध्ये `np.trapezoid(psi(1)*psi(2), x)` छापून बघ. शून्य यायला हवं, तुला 0.849 येईल. हाताने काढलंस तर नेमकं 8/(3π).

अडकलेला_फोटॉन

0.8488! ताई, खरंच. म्हणजे मी ज्यांना आयगेनफंक्शन म्हणत होतो ती त्या बॉक्सची नव्हतीच.

`psi` मध्ये x + L/2 घातलं. आता 1→2 ला -0.180, 1→3 ला शून्य, 1→4 ला -0.0144. पण दुसरा प्रश्न तसाच आहे, 0 ते L मध्ये पॅरिटी कुठून आली?

वर्णपट_ताई

पॅरिटी बॉक्सची असते, तुझ्या मोजपट्टीची नव्हे. 0 ते L मध्ये x च्या जागी -x घातलंस तर अख्खा बॉक्स -L ते 0 मध्ये जाऊन पडतो. तो ऑपरेटर हॅमिल्टोनियनशी कम्यूट करत नाही, म्हणून तो निरुपयोगी. तिथे आरसा मध्यावर ठेवायचा, म्हणजे x च्या जागी L - x. sin(nπ(L-x)/L) उलगड, ते sin(nπx/L) च्या (-1)^(n+1) पट येतं. तीच सम-विषम आळीपाळी, फक्त डोळ्याला दिसत नाही.

राहिला डायपोलमधला x. तो म्हणजे मध्यापासूनचं अंतर अधिक L/2. या L/2 चं योगदान म्हणजे L/2 गुणिले दोन अवस्थांचा ओव्हरलॅप, आणि वेगवेगळ्या अवस्था ऑर्थोगोनल असल्याने ते शून्य. म्हणून मूळबिंदू कुठेही घे, उत्तर तेच. हीच उलटी तपासणी म्हणून वापर: `x` च्या जागी `x + 0.5` टाकून उत्तर बदललं तर समजायचं, अवस्था चुकल्या. तुझ्या जुन्या कोडमध्ये 1→2 चं उत्तर 0 वरून 0.42 वर उडी मारेल.

आणि इंटिग्रल न काढता नियम दोन ओळींत मिळतो. पॅरिटी ऑपरेटर Π असेल तर ΠxΠ = -x. दोन्ही बाजूंनी अवस्था लावल्या की

`<m|x|n> = -p_m p_n <m|x|n>`

p म्हणजे +1 किंवा -1. दोन्ही अवस्थांची पॅरिटी सारखी असली की संख्या स्वतःच्याच उण्याइतकी होते, म्हणजे शून्य. असाइनमेंटच्या पहिल्या भागात एवढंच लिही. कोसाइनची गुणाकार-सूत्रं त्या भागात नकोत.

बारामतीकर

मान्य, घाईत लिहिलं. म्हणजे पॅरिटी बदलली की ट्रान्झिशन होणार, नाहीतर नाही. हायड्रोजनमध्ये l एकानेच बदलतो तोही याच कारणाने, कारण तिथे पॅरिटी (-1)^l.

वर्णपट_ताई

पहिल्या वाक्याचा "नाहीतर नाही" हा भाग डायपोलपुरता बरोबर. "होणार" चूक. पॅरिटी फक्त दार बंद करू शकते, उघडं दार किती उघडं आहे ते ती सांगत नाही.

याच बॉक्समध्ये बघा. 1→2 आणि 1→4 दोन्हींना परवानगी आहे, पण 0.180 आणि 0.0144, म्हणजे वर्ग केल्यावर जवळपास 156 पट फरक. ऑसिलेटर स्ट्रेंग्थ काढली तर 1→2 ला 0.96 आणि 1→4 ला 0.03. एकूण बेरीज 1 असते, म्हणजे बाकी सगळ्या पातळ्यांसाठी चिल्लर उरते. हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये तर 0→3 ला पॅरिटी हरकत घेत नाही, तरी ते शून्यच, कारण x एका वेळी एकच पायरी चढवतो.

हायड्रोजनचं तसंच. पॅरिटी एवढंच म्हणते की l चा बदल विषम हवा. 4f वरून 1s ला पॅरिटीची हरकत नाही, तिथे बदल 3 आहे. ते अडतं कोनीय संवेगामुळे, एक फोटॉन डायपोलमार्गे एकच एकक नेतो. दोन नियम एकत्र आले की ±1 उरतं. 2s वरून 1s मात्र पॅरिटीनेच अडतं. म्हणून 2p सुमारे 1.6 नॅनोसेकंदात खाली येतो आणि मोकळ्या जागेतला 2s सेकंदाच्या आठव्या भागाएवढा टिकतो, मग एकदम दोन फोटॉन सोडून उतरतो.

रसायनवाली

आमच्याकडे हाच नियम लापोर्टच्या नावाने शिकवतात. पण मला त्यात एक कायम खटकतं. कोबाल्टचं पाण्यातलं गुलाबी कॉम्प्लेक्स अष्टफलकी, मध्याभोवती सममित. d वरून d म्हणजे पॅरिटी तीच, म्हणजे निषिद्ध. मग ते गुलाबी दिसतंच कसं? पुड्यांमधली निळी सिलिका जेल दमट झाली की गुलाबी होते, त्यातही कोबाल्टच असतो ना?

वर्णपट_ताई

हो, जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं. क्लोराइडचं चतुष्फलकी कॉम्प्लेक्स गडद निळं, कारण चतुष्फलकाला मध्यबिंदूतून उलटवता येत नाही. तिथे पॅरिटी हे लेबलच लावता येत नाही आणि d मध्ये थोडा p मिसळतो. अष्टफलकात मध्य आहे, पण अणू स्थिर बसलेले नाहीत. विषम कंपनांत मध्य क्षणभर हलतो आणि नियमाला फट पडते. म्हणून गुलाबी रंग येतो, पण फिका. लॅबमध्ये सारख्याच संहतीची दोन्ही द्रावणं शेजारी ठेवून बघ, फरक डोळ्यानेच कळतो.

अडकलेला_फोटॉन

शेवटचा प्रश्न, हा असाइनमेंटमध्ये नाही. बॉक्सला विद्युतक्षेत्र लावलं, म्हणजे तळ तिरका केला, तर पॅरिटी मोडेल. मग 1→3 दिसायला लागेल का?

वर्णपट_ताई

दिसेल. क्षेत्राची संज्ञा x सारखी, म्हणजे विषम. ती 1 मध्ये 2 आणि 4 चा अंश मिसळते, 3 मध्येही तसंच. त्यामुळे 1→3 चं डायपोल कमी क्षेत्राला क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं आणि तीव्रता क्षेत्राच्या वर्गाने. पण सांभाळ. 2 मार्गे दोन वाटा आहेत आणि त्यांची चिन्हं उलट आहेत, छेदात एकीकडे 1-4 आणि दुसरीकडे 9-4. बॉक्समध्ये त्या एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत, -1/3 + 1/5 उरतं. हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये पूर्ण खोडतात, कारण तिथे क्षेत्र फक्त मध्य सरकवतं आणि नव्या मध्याभोवती पॅरिटी जशीच्या तशी उभी राहते.

बारामतीकर

पण क्षेत्र जोरदार असेल तर? इलेक्ट्रॉन एका भिंतीला चिकटेल, मग मध्य कुठला आणि 1→2 चं काय?

वर्णपट_ताई

तिथे हा हिशोब लावू नका, तो पहिल्या क्रमाचा आहे. अवस्था एअरी फंक्शनसारख्या होतात आणि सम-विषम काही उरत नाही. 1→2 आणि 1→3 चं गुणोत्तर कुठे जाऊन थांबतं ते मी कधी काढलेलं नाही. फोटॉन, तुझा कोड आता बरोबर आहे, त्यात हॅमिल्टोनियनचा मॅट्रिक्स बांधून क्षेत्र वाढवत जा. वीसेक पातळ्या घे आणि मग तीस घेऊन उत्तर हलतं का बघ.

अडकलेला_फोटॉन

आधी सोमवारचं देतो. मग बसतो.