सट्ट्यात घालवलेले उसने पैसे: मित्राला मेसेज कसा लिहावा?

संदीप_चिंचवड: जवळच्या मित्राने 14 फेब्रुवारी 2025 ला आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून 60,000 घेतले. मी यूपीआयने पाठवले, लेखी काही नाही. नंतर त्यानेच कबूल केलं की सगळे क्रिकेटच्या सट्ट्यात गेले. आधी 'आयपीएल संपू दे' म्हणाला, आता 'पुढच्या महिन्यात नक्की'. त्याचा पगार 28,000, दर 1 तारखेला होतो. मैत्री तोडायची नाही, पण पैसे हवेत. गोड पण ठाम मेसेज कसा लिहू? सट्ट्याचा विषय त्यात काढावा का?

रेवती: काढावा, पण एकदाच आणि एकाच वाक्यात. मी असं लिहीन:

'अम्या, समोर बोलताना विषय बाजूला पडतो म्हणून लिहितोय. 14 फेब्रुवारीला काकूंच्या ऑपरेशनसाठी तू 60,000 उसने मागितलेस आणि मी त्याच दिवशी पाठवले. ते सट्ट्यात गेले हे तू स्वतः सांगितलंस, ते बरं केलंस. त्यावरून मी काही सुनावणार नाही, पण पैसे परत यायला हवेत. दर महिन्याच्या 1 तारखेला, पगार झाला की त्याच दिवशी 5,000 पाठव. 12 महिन्यांत फिटतील. पगारातूनच दे. जिंकून द्यायचे किंवा लोन अ‍ॅपवरून काढून द्यायचे, असं नको. 5,000 जमत नसतील तर किती जमतील तो आकडा रविवारपर्यंत सांग. हे फिटेपर्यंत मी नवीन पैसे देऊ शकणार नाही.'

यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पगाराचं आहे. सट्टा खेळणाऱ्यावर देण्याचा दबाव आला की त्याच्या डोक्यात पहिला हिशेब येतो तो 'एक मॅच लागली की सगळे मोकळे' हा. 'लवकर दे, एकदम दे' एवढंच लिहिलंत तर तुम्ही नकळत त्याला पुढच्या मॅचकडे ढकलता. 'आयपीएल संपू दे' याचा अर्थही तोच होता. तो हरलेले काढायच्या मागे होता आणि तुमचे पैसे त्यातून द्यायचा त्याचा बेत होता.

तारीख 1 च ठेवा, 5 किंवा 10 नको. पगार आणि हप्ता यांत एक शनिवार-रविवार जरी आला, तरी त्या मॅचमध्ये पैसे जाऊ शकतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दरमहा ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे जायची सोय असते, ती त्याच्याकडून लावून घ्या. पगार कधी उशिरा होत असेल तर तारीख 2 ठेवा, नाहीतर खात्यात पैसे नसताना बँकेला दिलेली ती सूचना फेल जाते आणि त्याला ते निमित्त मिळतं.

मावळखोरे: मला हे पटत नाही. सट्ट्याचा शब्दच नको. एक तर माणूस शरमेने गप्प होतो, फोन उचलत नाही, ब्लॉक करतो. आणि दुसरं म्हणजे सट्ट्याचे पैसे कोर्टात मागता येत नाहीत. तुम्ही स्वतःच लिहून दिलंत की पैसे सट्ट्यात गेले, मग संपलंच. फक्त रक्कम, तारीख, 'कधी देतोस' एवढं लिहा.

तात्या नगरकर: मावळखोरे, शरमेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. कायद्याचं अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं संदीपच्या फार कामाचं आहे.

1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल. म्हणजे बुकीला जिंकलेले पैसे कोर्टातून मिळत नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यासाठी 1865 साली आणखी एक कायदा झाला. त्यात पैजेला मदत म्हणून केलेला करारही रद्दबातल ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये घेरुलाल पारख खटल्यात हाच फरक दाखवला. बाकी भागात पैजेला जोडून केलेला करार टिकू शकतो, मुंबई इलाख्यात टिकत नाही. त्यामुळे संदीपच्या बाबतीत प्रश्न इतकाच उरतो की देताना पैसे कशासाठी दिले. संदीपने ऑपरेशनसाठी दिले. नंतर घेणाऱ्याने ते कुठे घालवले, याने उसनवारी रद्द होत नाही.

म्हणून रेवतीच्या मसुद्यातलं 'ऑपरेशनसाठी तू मागितलेस' हे काढू नका, आणि 'सट्ट्यासाठी दिलेले पैसे' असं घाईतही लिहू नका. 'सट्ट्यात गेले' आणि 'सट्ट्यासाठी दिले' यांत कोर्टापुढे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं म्हणजे मुदत. उसन्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, म्हणजे इथे फेब्रुवारी 2028 पर्यंत. त्याआधी त्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने धरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'हो, देतो' हे सहीच्या कबुलीइतकं मानलं जाईल यावर विसंबू नका. पुरावा म्हणून ते उपयोगी आहे, पण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी लागतो. शक्य असेल तर साध्या कागदावर 'इतके घेतले, इतके बाकी' असं लिहून त्याची सही आणि तारीख घ्या.

प्राची_०७: त्या बेटिंग अ‍ॅपवरच तक्रार करा ना. 1930 ला फोन केला की पैसे गोठवतात आणि परत मिळतात.

रेवती: प्राची, 1930 हा ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. इथे मित्राने स्वतःच्या हाताने पैसे भरले आणि हरला. शिवाय संदीपचे पैसे मित्राच्या खात्यात गेले, अ‍ॅपकडे नाही. त्यामुळे संदीपचं मागणं मित्राकडेच.

पण 1930 वरून एक गोष्ट आठवली, ती मसुद्यात घालायला हवी: 'फक्त तुझ्या स्वतःच्या खात्यातून पाठव.' सट्ट्याच्या आयडीवरून, म्हणजे बुकीने उघडून दिलेल्या सट्ट्याच्या खात्यावरून, पैसे काढले की ते बहुतेक वेळा कुणातरी अनोळखी माणसाच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यातून येतात. मित्राने आयडीवाल्याला थेट संदीपचा यूपीआय दिला आणि त्या अनोळखी खात्यावर कुठे फसवणुकीची तक्रार असली, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून संदीपच्या खात्यातली रक्कम, कधी अख्खं खातंच, गोठतं. ते सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागू शकतो.

तो पुन्हा खेळतोय का हेही यावरून कळतं. हप्ता ठरलेल्या रकमेऐवजी 7,350 असा विचित्र आला, रात्री मॅच संपल्यावर आला किंवा पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच दिसलं, तर तो पगारातला नाही. असे पैसे आले तर खर्च करू नका. लगेच मेसेज करून विचारा, हे कुठल्या खात्यातून पाठवलेस.

शशांक_बी: 12 हप्ते म्हणजे वर्षभर मागे लागणं. सट्टेबाज तिसऱ्या महिन्यात गायब होतो. त्यापेक्षा दिवाळी बोनसला एकरकमी घ्या, आणि आत्ताच सही केलेले कोरे चेक घेऊन ठेवा. धाक राहतो.

तात्या नगरकर: चेक घ्यायला हरकत नाही, पण कोरे नकोत, तारीख आणि रक्कम त्याच्याच हस्ताक्षरात हवी. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग त्याला 15 दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात चेक न वटल्याची, कलम 138 ची तक्रार. हा रस्ता मैत्री तोडायची ठरल्यावरचा. संदीपला ती टिकवायची आहे.

शशांक_बी: धाक नसेल तर 5,000 चे 500 सुद्धा यायचे नाहीत. माझं मत तेच आहे.

वर्षा_सांगली: आकड्याबद्दल बोलू का? 28,000 पगाराला 5,000 ऐकायला ठीक वाटतात. पण संदीप, तो घरी किती पाठवतो, खोली, मेस, गाडीचा हप्ता, हे माहीत आहे का?

संदीप_चिंचवड: घरी 8,000, खोलीत वाटा 4,500, मेस 3,500, बाईकचा हप्ता 3,200.

वर्षा_सांगली: म्हणजे 19,200 ठरलेले. उरले 8,800. पेट्रोल, मोबाइल आणि किरकोळ मिळून 2,000 धरले तर 6,800. त्यातून 5,000 गेले की हातात 1,800. एक दवाखाना किंवा एक पंक्चर निघालं की हप्ता चुकतो, आणि चुकलेला हप्ता भरायला तो लोन अ‍ॅपकडे जातो. 4,000 मागा. 15 महिन्यांत 60,000 होतात. तीन महिने जास्त लागतील, पण हप्ता टिकेल. आणि कुठल्या लोन अ‍ॅपचं आधीच देणं आहे का तेही विचारा. सट्ट्यात 60,000 घालवणाऱ्याचं एकच देणं सहसा नसतं. असेल तर 3,000 वरही यावं लागेल.

मावळखोरे: कायद्याचं कळलं, सट्ट्याचं वाक्य राहू दे. मग निदान त्याच्या घरी तरी सांगू नका.

किरण_एस: उलट घरीच सांगा. माझ्या मेहुण्याचं असंच आहे. त्याचे पगाराचे पैसे आता बहीण हाताळते, म्हणून हप्ते जातात. मेसेज थेट मित्राच्या आईला करा.

रेवती: किरण, तुमच्याकडे ताई घरातली आहे, म्हणून ते जमलं. इथे आईच्याच ऑपरेशनचं नाव सांगून पैसे घेतलेत. बाहेरच्या माणसाकडून ते आईला कळलं तर अम्याशी बोलणं तिथेच तुटेल. त्याला सांगावं की घरी तूच बोल आणि पगाराच्या दिवशी हिशेब कुणाच्यातरी हातात दे. ग्रुपवर टाकणं, ऑफिसला कळवणं तर मुळीच नको, त्यातून बदनामीची तक्रार तुमच्यावरच यायची.

किरण_एस: आईला अंधारात ठेवून 15 महिने काढणार? मला नाही वाटत जमेल.

तात्या नगरकर: इथे मी किरणच्या बाजूला झुकतो, पण पहिल्या मेसेजात नाही. दोन हप्ते लागोपाठ चुकले तर त्याला आधी सांगून मग घरी बोलावं.

संदीप_चिंचवड: 4,000 करतो, 'तुझ्याच खात्यातून' घालतो. ऑपरेशनचं वाक्य आहे तसंच. हप्ता आलाच नाही तर 2 तारखेला काय लिहू? मला तिथे गळाठायला होतं.

रेवती: दोन ओळी, नवीन काही नाही: 'अम्या, कालचा 4,000 चा हप्ता आला नाही. आज संध्याकाळपर्यंत पाठव, किंवा काय अडचण आहे ते फोन करून सांग.' 'काही घाई नाही', 'सहज विचारलं' असं पुढे जोडू नका. तेवढ्यावरच तो हप्ता मागे पडतो. अर्धे आले तर घ्या आणि उत्तरात 'आज 2,000 मिळाले, बाकी 58,000' असा आकडा लिहा. मिळालेल्या प्रत्येक हप्त्यानंतर बाकी लिहायची, म्हणजे हिशेब दोघांच्या फोनमध्ये एकच राहतो.

आणि एक वेगळा मेसेज, पैशांच्या मेसेजला न जोडता, दुसऱ्या दिवशी पाठवा: टेली मानस 14416, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एकाच मेसेजात घातलंत तर त्याला वाटेल की वसुलीसाठी वेडा ठरवताय.

शशांक_बी: बोनसची तारीख तरी विचारून ठेव, संदीप. दिवाळीत दोन हप्ते एकदम मागता येतील.

वर्षा_सांगली: त्यावर मी शशांकशी सहमत आहे. बोनस सट्ट्यात जाण्याआधी निम्मा हप्त्यात वळला तर बरंच.